आहेराच्या वहीतली रिकामी ओळ

लग्नाच्या कार्यालयात दाराजवळच्या टेबलाशी एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. आमच्या घरात हे काम थोरल्या काकांचं. पाकीट आलं की नाव, गाव आणि रक्कम एका ओळीत लिहायची, भांडं किंवा साडी असेल तर तसं लिहायचं. ही वही पुढे कपाटात जपून ठेवतात. वहीतल्या एखाद्या घरी कार्य निघालं की ती उघडायची, त्यांनी आपल्याकडे काय केलं होतं ते पाहायचं आणि मग आपला आहेर ठरवायचा. हिशेबापेक्षाही कुणाचं काय विसरायचं नाही, यासाठी ती वही असते.

गेल्या मार्गशीर्षात साताऱ्याजवळच्या एका कार्यालयात माझ्या ताईचं लग्न झालं. दुपारी काकांनी मला बोलावून विचारलं, “तुझ्या त्या फोटोवाल्या मित्राचं काय लिहू?” मित्र तेव्हा होमाजवळ जमिनीवर बसून फोटो काढत होता. दोन दिवसांचं सगळं छायाचित्रण हाच त्याचा ताईला आहेर होता. काकांनी त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली.

त्या रिकाम्या जागेत काय लिहायचं, हे ठरवायला मला महिना लागला. शेवटी एक पत्र लिहिलं. असं पत्र लिहायची वेळ पुष्कळांवर येते. कुणाची मैत्रीण मेंदी काढून देते, कुणाचा मावसभाऊ सनई वाजवतो, कुणी रुखवत मांडून देतं. पैसे घेत नाहीत, म्हणून आपण “फार छान केलंस” म्हणतो आणि तेवढ्यावर राहतं. आपल्याकडे मित्राचे आभार मानणं थोडं परकेपणाचंही वाटतं. “आपल्यात कसले आभार?” हे वाक्य दोन्ही बाजूंनी तयारच असतं. माझं पहिलं पत्र याच अवघडलेपणातून आलं होतं. चार ओळींचं. फोटो अप्रतिम आले आहेत, सगळ्यांना फार आवडले, तुझा कॅमेरा खरंच भारी आहे, तुझे उपकार विसरणार नाही.

वाचून पाहिल्यावर लक्षात आलं की हे पत्र कुणीही, कोणत्याही लग्नानंतर, कुठल्याही छायाचित्रकाराला पाठवू शकेल. त्यात माझी ताई नव्हती आणि माझा मित्रही नव्हता. कॅमेऱ्याचं कौतुक तर त्याच्या वाट्याचं काढून यंत्राला देण्यासारखं होतं. मी ते पत्र बाजूला ठेवलं आणि त्याच्याकडे जाऊन त्याने काम कसं केलं ते विचारलं. त्याने जे सांगितलं त्यातून मला पत्र सापडलं.

आधी वेळेचा हिशेब. दोन दिवसांत त्याने साधारण २,६०० फोटो काढले. आम्हाला मिळाले ४३०. मधलं काम कुणाला दिसत नाही. प्रत्येक फोटो दहा सेकंद पाहायचा म्हटलं, तरी २,६०० फोटो एकदा नजरेखालून घालायला सात तासांहून जास्त लागतात. त्यात डोळे मिटलेले, हललेले, एकासारखे एक असलेले बाजूला काढायचे. उरलेल्या ४३० फोटोंचा रंग आणि उजेड नीट करायला प्रत्येकी दोन मिनिटं धरली, तर आणखी चौदा तास. तो नोकरी करतो, म्हणून हे सगळं त्याने तीन शनिवार-रविवारी केलं. लग्नाच्या रात्री घरी पोचल्यावर, झोपण्याआधी, त्याने सगळे फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवले आणि कॅमेऱ्यातली कार्डंही पुसली नाहीत. लग्न पुन्हा होत नाही, आणि कार्ड कधीही बिघडू शकतं.

पण पत्रात तासांचा हिशेब मांडला तर ते बिल होईल. आहेर देणाऱ्याला त्याचे तास मोजून दाखवू नयेत. मला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते अंतरपाटाच्या फोटोत मिळालं.

मंगलाष्टकं चालू असताना वधूवरांच्या मध्ये पांढरा अंतरपाट धरलेला असतो. मुहूर्ताला तो दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. छायाचित्रकाराच्या हाती यातले दोन-तीन सेकंदच असतात, आणि अडचणी बऱ्याच. पहिली अडचण त्या पांढऱ्या कापडाची. कॅमेरा आपला आपण उजेड मोजतो तेव्हा समोर मोठं पांढरं काही दिसलं की उजेड फार आहे असा त्याचा समज होतो आणि तो फोटो काळवंडून टाकतो. कापड दूर होताच मोजमाप पुन्हा बदलतं. म्हणून मित्राने कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप बंद ठेवलं होतं आणि ताईच्या चेहऱ्यावरचा उजेड पाहून आकडे हाताने बसवले होते.

दुसरी अडचण मांडवातल्या दिव्यांची. आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि साधे एलईडी दिवे तिच्या लयीत सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण कॅमेऱ्याचं शटर त्याहून फार वेगाने उघडलं-मिटलं, तर फोटोवर काळसर आडवे पट्टे उमटतात. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाच्या वेळी त्याने चाचणीचे फोटो काढून पाहिले तेव्हा हे पट्टे दिसले. उपाय असा की शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे दिव्याचं एक कमीजास्त होणं त्यात पूर्ण मावतं आणि पट्टे जातात. पण मग वेगाने हलणारी वस्तू स्थिर दिसत नाही. फ्लॅश वापरला असता तर अक्षतांचा दाणा न् दाणा हवेत गोठला असता, पण मांडवाचा मऊ पिवळा उजेड गेला असता. त्याने फ्लॅश बंद ठेवला.

तिसरी अडचण जागेची. अंतरपाट बाजूला झाल्यावर दोघंही एकमेकांकडे पाहतात. बाजूने, कापडाच्या रेषेत उभं राहिलं तर दोघांचे चेहरे मिळतात, पण अर्धेच. एकाच्या खांद्यामागे उभं राहिलं तर दुसऱ्याचा चेहरा पूर्ण मिळतो आणि पहिल्याचा मुळीच नाही. कॅमेरा एक, माणूस एक. त्याने जावयांच्या उजव्या खांद्यामागची जागा निवडली. का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “लग्न ताईचं होतं. मी ताईकडून आलो होतो.”

आता तो फोटो पाहा. अंतरपाट निम्मा खाली आला आहे, मुंडावळ्यांच्या मधून ताईचे डोळे दिसतात, आणि अक्षता दाण्यांसारख्या न दिसता बारीक तिरक्या रेघांसारख्या दिसतात, जणू ताईवर श्रावणातली सर पडते आहे. शटरच्या त्या शंभराव्या भागामुळे अक्षतांच्या रेघा झाल्या. हे कळल्यावर मला समजलं की आभार कशाचे मानायचे. त्याने ठिकठिकाणी काहीतरी निवडलं होतं आणि त्यासाठी दुसरं काही सोडलं होतं. फोटो सगळ्यांना दिसतो. त्यामागची निवड कुणाला दिसली नाही, तर छायाचित्रकार त्या लग्नात एकटाच राहतो. आभाराच्या पत्राने करायचं ते एवढंच. तुझी निवड मला दिसली, असं नेमक्या क्षणाचं नाव घेऊन सांगायचं.

मग मी ४३० फोटो पुन्हा पाहिले आणि तीनच क्षण निवडले. दहा निवडले असते तर यादी झाली असती. प्रत्येक क्षणाबद्दल तीन गोष्टी लिहायच्या ठरवल्या: फोटोत काय आहे, तो मिळवायला त्याने काय केलं, आणि आमच्या घरात त्या फोटोचं पुढे काय झालं. तिसरी गोष्ट महत्त्वाची. फोटो दिल्यानंतर त्याचं काय झालं हे काढणाऱ्याला एरवी कधीच कळत नाही.

एक फोटो त्याच्या हातून हुकला होता आणि त्याबद्दल तो दोनदा हळहळला होता. कानपिळीच्या वेळी तो कॅमेऱ्यातलं कार्ड बदलत होता. एरवी पत्रात उणीव काढू नये, पण त्याने स्वतःच बोलून दाखवली होती म्हणून तिला उत्तर देणं गरजेचं होतं. ते टाळलं असतं, तर मला वाईट वाटलं आहे असा त्याचा समज झाला असता.

पत्र असं झालं. त्यातलं नाव तेवढं इथे काढलं आहे.

“प्रिय मित्रा,

फोटो मिळून महिना झाला. फोनवर तुला ‘छान आलेत’ म्हणालो, ते फार थोडं होतं. म्हणून लिहितो आहे.

ताई गौरीहरापुढे बसली होती तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. तू त्या खोलीतले दिवे बंद करायला सांगितलेस तेव्हा मावशी कुरकुरली होती. आता फोटोत पूर्वेच्या खिडकीतून आलेला तेवढाच उजेड आहे. पिवळी अष्टपुत्री, ताईच्या मुठीतले तांदूळ आणि समोर अन्नपूर्णा. मागे दारात आई उभी आहे, चौकटीला हात टेकून, थोडी धूसर. आपण तिथे तेवढा वेळ उभे होतो हे आईला आठवतच नाही. तिला वाटत होतं की त्या सकाळी ती फक्त धावपळ करत होती. ती अन्नपूर्णा आता ताईच्या देव्हाऱ्यात आहे आणि हा फोटो आईच्या देव्हाऱ्याशेजारी.

दुसरा फोटो लाजाहोमाचा. मी ताईच्या ओंजळीत लाह्या घालत होतो. धुराने डोळे चुरचुरत होते, गुरुजी सांगतील तसं करत होतो, लाह्या सांडू नयेत एवढंच मनात होतं. ताईकडे मी पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती, हे मला तुझ्या फोटोमुळे कळलं. लहानपणी शाळेत जाताना रस्ता ओलांडायच्या आधी ती असंच पाहायची. तू समोर जमिनीवर बसला होतास, धूर तुझ्याच अंगावर येत होता. फ्लॅश मारला असता तर धूर पांढरा होऊन चेहरे झाकले गेले असते, असं तू नंतर सांगितलंस. मी माझ्या बहिणीच्या लग्नात होतो, पण हा क्षण मला तू दाखवलास.

तिसरा फोटो तू बाकीच्यांत घातला नाहीस. वेगळ्या पाकिटात, फक्त माझ्या हातात दिलास. पाठवणीच्या वेळी सगळे गाडीपाशी होते. बाबा कोठीच्या खोलीत गेले, हे कुणालाच कळलं नाही. तुला कळलं. तू दारातून, लांबूनच फोटो काढलास, आत गेला नाहीस. फोटोत त्यांची पाठ आहे आणि तांदळाच्या पोत्यावर टेकलेला हात. चेहरा नाही. तो पाकिटात ठेवून तू माझ्यावर सोपवलास, याबद्दल तुला काय म्हणू ते मला कळत नाही. मी ते पाकीट बाबांना दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि कपाटात ताईच्या जन्मपत्रिकेजवळ ठेवलं. त्यांनी तुला निरोप दिला आहे, ‘त्याला म्हणावं, जेवायला ये.’

कानपिळीचा फोटो हुकला म्हणून तू हळहळलास. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा तिथे मी स्वतः होतो आणि मला सगळं आठवतंय. जिथे मी नव्हतो, तिथे तू होतास.

४३० फोटोंत तू एकाही ठिकाणी नाहीस. पंगतीत तुझं पान सगळ्यांत शेवटी, साडेतीन वाजता वाढलं आणि मसालेभात गार झाला होता, हे आईला अजून लागून राहिलं आहे. ताई आणि दाजी पुढच्या महिन्यात माहेरपणाला येत आहेत. त्या दिवशी तू ये, कॅमेरा घरी ठेवून. पहिल्या पंगतीत बस. फोटो आम्ही काढू.

अंतरपाटाचा फोटो ताईला तिच्या घरी लावायचा आहे आणि तिच्या सासरच्यांना पाठवायचा आहे. तुझं नाव खाली लिहून पाठवू ना? तू हो म्हणालास तरच.

तुझा...”

पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते अनेकांना ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, आपण मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला हक्क आपला असतो. भेट म्हणून काढलेल्या फोटोंत मोबदला नसतो. तिथे हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. घरात अल्बम पाहायला किंवा भिंतीवर फोटो लावायला मित्र हरकत घेणार नाही, हे खरं. पण एखाद्या मासिकाला, कार्यालयाच्या जाहिरातीला किंवा साडीच्या दुकानाला तो फोटो द्यायचा झाला, तर आधी त्याला विचारायला हवं. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने पैसे घेतले नाहीत, त्याचं नाव तरी फोटोखाली राहावं. नाव लिहायला विसरणं हाही एक प्रकारे आहेर वहीत न लिहिण्यासारखंच आहे.

आणखी दोन गोष्टी मी पत्रात जाणून घातल्या नाहीत. पहिली, मागणी. आत्याला तिच्या सुनेचे आणखी फोटो हवे होते, एका काकांना एका फोटोतला मागचा खांब पुसून हवा होता. हे निरोप आभाराच्या पत्रात गेले असते, तर पत्र म्हणजे पुढच्या कामाची चिठ्ठी झाली असती. ते मी पंधरा दिवसांनी वेगळे विचारले, आणि तेही जमलं तरच, असं म्हणून. दुसरी, किंमत. “बाहेर याचे इतके हजार घेतले असते” हे वाक्य आपल्याला मोठेपणा दिल्यासारखं वाटतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आपला आहेर बाजारात नेऊन तोलला.

पत्र हाताने लिहिलं आणि सोबत अंतरपाटाच्या फोटोची ८ बाय १२ इंचांची, चकाकी नसलेल्या कागदावरची एक प्रत दिली. हे मला एका प्रिंट काढणाऱ्याने सुचवलं. हल्ली छायाचित्रकार स्वतःचे बहुतेक फोटो पडद्यावरच पाहतो, कागदावर आलेला स्वतःचा फोटो त्याच्या घरी क्वचितच असतो. मात्र प्रत काढायला मूळ फाइल द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकाराने लहान होऊन येते. तिच्यावरून एवढी मोठी प्रत काढली, तर मुंडावळ्यांचे मोती आणि अक्षतांच्या बारीक रेघा एकमेकांत मिसळून जातात. मी मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हमधली फाइल नेली. प्रतीच्या मागे तारीख, गाव आणि एक ओळ लिहिली: ‘ताईकडून आलेल्या माणसाने काढलेला फोटो.’

माहेरपणाच्या दिवशी तो आला. कॅमेरा आणला नव्हता. बाबांनी त्याला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि आईने पहिला गरम भात त्याच्या पानात वाढला. पत्राबद्दल तो काही बोलला नाही. जाताना दारात चपला घालताना एवढंच म्हणाला, “ताई तुझ्याकडे बघत होती, ते तुला दिसलं नसेल असं मला तेव्हाच वाटलं होतं.”

त्या रात्री काका आहेराची वही घेऊन आले. सगळ्या नोंदी पुन्हा तपासून वही बंद करायची होती. मित्राच्या नावापुढची जागा अजून रिकामी होती. मी त्यांना पत्राची प्रत वाचायला दिली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, घडी केली आणि वहीच्या त्याच पानात ठेवली. मग रिकाम्या जागेत आपल्या सरळ, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं, ‘पत्र सोबत ठेवले आहे.’ त्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा वही उघडू, आणि आधी ते पत्र वाचू.